सूर्य कुठे आहे, तेही लिहा

दोघांच्या फोटोंवरून एआयकडून प्री-वेडिंगचा कन्सेप्ट बोर्ड करून घेताना प्रॉम्प्टमध्ये जागा आणि कपड्यांइतकाच प्रकाशही नेमका लिहायला हवा. ‘काशीदचा समुद्र, मोरपंखी पैठणी, पांढरा कुर्ता, सूर्यास्त’ एवढ्यावर येणाऱ्या चित्रात बरेचदा सूर्य पाठीमागे असतो आणि तरीही चेहरे लख्ख उजळलेले दिसतात. काशीदचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्र मागे घेतला की प्रत्यक्षात चेहरे काळवंडतात. म्हणून पुढे जोडावे: ‘सूर्य मागे, डावीकडून रिफ्लेक्टरचा मऊ उजेड, चेहरे आणि वर्ण मूळ फोटोंप्रमाणेच.’ कल्पनाचित्राला एवढा लगाम कशाला, असे कोणी म्हणेल. पण याच बोर्डवरून साडी घेतली जाते, फोटोग्राफर सामान ठरवतो. रिफ्लेक्टर धरायला माणूस लागेल, हे त्याला आधीच कळायला हवे.