साहेबांना नेमकं काय विचारायचं असतं?

सप्टेंबर २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली फोर्ड मोटर कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि त्यांनी दर गुरुवारी सकाळी आढावा बैठक सुरू केली. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या कामाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात मांडायची, असा नियम होता. पहिले काही आठवडे पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. प्रत्यक्षात कंपनी त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून अधिक तोट्यात गेली. इतका तोटा होत असताना कुठेच काही बिघडलेलं नाही का, असं मुलालींनी विचारलं. पुढे मार्क फील्ड्स यांनी कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात तयार होणाऱ्या ‘एज’ गाडीपुढे लाल रंग दाखवला. खोलीत शांतता पसरली, आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. यात कोण मदत करू शकेल, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्यानंतर हळूहळू इतरांच्या तक्त्यांवरही लाल-पिवळे रंग उमटू लागले.

हा किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गांत धाडसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. पण त्यात तक्त्याच्या रचनेचीही एक गोष्ट दडलेली आहे. रंग हे कुणाचं तरी मत असतं आणि मत सोयीने हिरवं ठेवता येतं. प्रकल्पाला पैसा मंजूर करणारा आणि वर जबाबदारी घेणारा माणूस, ज्याला कार्यालयात ‘स्पॉन्सर’ म्हणतात, त्याला त्या रंगातून काहीच कळत नाही.

मग त्याला काय हवं असतं? ते शोधायला तज्ज्ञ लागत नाही. त्याचे गेल्या दीड-दोन महिन्यांतले मेल, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि बैठकांची इतिवृत्तं काढायची आणि त्यातली प्रश्नचिन्हं असलेली वाक्यं एका कागदावर उतरवायची. शब्द वेगवेगळे असतात, पण बहुतेक प्रश्न चारच ठिकाणी येऊन थांबतात. सांगितलेल्या तारखेला होणार का? काम खरंच पुढे सरकतंय का? आणखी पैसे मागणार का? आणि माझ्याकडून काही अडलंय का? किती कामं ‘चालू’ आहेत किंवा टीमने किती तास भरले, हे त्या कागदावर सहसा सापडत नाही. तरीही बहुतेक डॅशबोर्डांवर सगळ्यात मोठी जागा त्यालाच दिलेली असते, कारण सॉफ्टवेअर ते चित्र आपोआप काढून देतं.

एक नमुना घेऊ. बँक कल्पनेतली आहे, पण तिच्या अडचणी सहकार क्षेत्रात काम करणाऱ्यांना ओळखीच्या वाटतील. २४ शाखांची एक सहकारी बँक जुनं सॉफ्टवेअर सोडून नव्या कोअर बँकिंग प्रणालीवर जाणार आहे. सहामाही हिशेब ३० सप्टेंबरला बंद होतात, म्हणून १ ऑक्टोबर ही तारीख ठरली. स्पॉन्सर आहेत बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. आतापर्यंत त्यांच्यापुढे दर सोमवारी चौदा विजेटांचा, म्हणजे चौदा चौकोनांचा, डॅशबोर्ड यायचा. त्यात एक भलंमोठं वर्तुळ होतं : ‘७१ टक्के कामं पूर्ण’. त्या मोजणीत प्रशिक्षणाच्या खोलीत प्रोजेक्टर लावणं हे एक काम होतं आणि लाखभर खात्यांच्या शिल्लका नव्या प्रणालीत नेणं हेही एकच. असं वर्तुळ लवकर भरत जातं आणि शेवटच्या अवघड कामांपाशी अडून बसतं.

नव्या डॅशबोर्डवर चारच चौकोन ठेवले. सगळ्यात वर तारीख.

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘अपेक्षित तारीख : २२ ऑक्टोबर’ एवढंच लिहिलं, तर ती गेल्या आठवड्यात काय होती आणि महिन्याभरापूर्वी काय होती, हे पुसलं जातं. कामांची नोंद ठेवणाऱ्या बहुतेक साधनांत तारीख बदलली की पडद्यावर नवीच दिसते. जुनी शोधायची तर त्या नोंदीच्या इतिहासात शिरावं लागतं. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी त्या दिवशीचा अंदाज स्वतंत्र ओळीत नोंदवून ठेवायचा आणि जुन्या ओळीला हात लावायचा नाही. यासाठी गूगल शीट पुरेशी आहे. पहिल्या स्तंभात नोंदीची तारीख, पुढच्या स्तंभांत एकेका टप्प्याचा अंदाज आणि शेवटच्या E स्तंभात प्रणाली सुरू होण्याचा अंदाज. E2 मध्ये मूळ तारीख असते. मूळ तारखेपासून आज किती दिवस घसरलो, हे एका सूत्रात निघतं :

```
=XLOOKUP(MAX(A2:A60),A2:A60,E2:E60)-E2
```

उत्तर दिवसांत येतं. रकान्याचं स्वरूप चुकून तारखेचं राहिलं, तर तिथे जानेवारी १९०० मधली भलतीच तारीख झळकते. ते ‘संख्या’ असं करून घ्यायचं.

याच ओळींचा आलेख काढायचा. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर त्या त्या आठवड्यात सांगितलेली तारीख. रेष सपाट असेल तर अंदाज टिकून आहे, वर चढत असेल तर घसरण सुरू आहे. आपल्या बँकेत पहिले पाच आठवडे १ ऑक्टोबर हीच तारीख होती. सहाव्या आठवड्यात ती ८ झाली, सातव्यात १५ आणि आठव्यात २२. प्रत्येक वेळी बैठकीत ‘फक्त एक आठवडा उशीर’ असंच सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दर आठवड्याला तारीख आठवड्यानेच पुढे जात असेल, तर शेवट एका दिवसानेही जवळ आलेला नसतो. हे बोलण्यातून निसटून जातं. रेष मात्र लपू देत नाही. शिवाय २२ ऑक्टोबरच्या पुढे दिवाळीची गर्दी आहे. त्या दिवसांत शाखांमध्ये नवी प्रणाली सुरू करायला कुठलाही व्यवस्थापक तयार होणार नाही. म्हणजे आणखी एका आठवड्याची घसरण थेट नोव्हेंबरच्या मध्यावर जाऊन पडते. आलेखात दिवाळीचे ते दिवस करड्या पट्टीने रंगवले, तर साहेबांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सपाट रेषेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ती कधी कधी फक्त मागच्या आठवड्याची तारीख उतरवून काढलेली असते. ते ओळखता यावं म्हणून तिच्या शेजारी दुसरा चौकोन हवा आणि त्यातला आकडा कुणाच्या मतावर अवलंबून नसावा. बँकेने निवडलेलं माप असं : चाचणी स्थलांतरात ज्या शाखेच्या सर्व खात्यांची बेरीज जुन्या आणि नव्या प्रणालीत पैशापैशाने जुळली, ती शाखा ‘जुळलेली’. निम्मी जुळलेली असं काही नाही. आठ आठवड्यांचे आकडे होते ३, ७, १२, १६, १७, १७, १७, १७. पाचव्या आठवड्यात वेग एकदम मंदावला होता, तरी तारीख जागची हलली नव्हती. खरी बातमी तिथेच होती आणि ती कुणीतरी एक आठवडा उशिरा सांगितली.

उरलेल्या सात शाखा कशावर अडल्या? पिग्मीवर. एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची ठेव हातातल्या यंत्रावर नोंदवतो आणि यंत्रातली माहिती शाखेत दुसऱ्या दिवशी सकाळी चढते. जुनी प्रणाली ती रक्कम मागच्या तारखेला जमा धरत होती, तर नवी प्रणाली माहिती आली त्या तारखेला. त्यामुळे ज्या शाखांत पिग्मी जास्त, तिथे कुठल्याही एका रात्रीची बेरीज जुळेचना. प्रणाली बदलण्याआधी दोन दिवस पिग्मी गोळा करणं थांबवलं, तर प्रश्न सुटतो. पण त्यात ठेवीदारांची गैरसोय आणि एजंटांच्या कमिशनचा मुद्दा आहे. हे संगणक विभागाने परस्पर ठरवायचं नसतं.

म्हणून चौथा चौकोन आलेखाचा नाही, यादीचा आहे. तिसऱ्याकडे नंतर येऊ, कारण हाच सगळ्यात जास्त कामाचा. त्यात स्पॉन्सरने घ्यायचे निर्णय असतात, जास्तीत जास्त तीन, आणि प्रत्येक ओळ अशी : ‘बदलाआधी दोन दिवस पिग्मी बंद ठेवायची का? आमची शिफारस : हो. निर्णय हवा : या शुक्रवारपर्यंत. न झाल्यास : सुरुवात दिवाळीनंतर.’ शेवटचा भाग सर्वांत अवघड आणि तोच बहुधा गाळला जातो. तो गाळला की यादीचं रूपांतर तक्रारवहीत होतं. ‘एजंट सहकार्य करत नाहीत’ अशा ओळी येतात आणि वाचणाऱ्याने त्यांचं काय करायचं, हे कुणालाच सांगता येत नाही. मुलालींनी टाळ्यांनंतर विचारलेला प्रश्न या चौकोनात आधीच लिहून ठेवलेला असतो.

आता पैसा. ‘मंजूर १ कोटी, खर्च ६४ लाख’ हे वाचून हायसं वाटतं. पण त्या ६४ लाखांतले २० लाख सुरुवातीलाच भरलेल्या सॉफ्टवेअर परवान्याचे आहेत. ते बाजूला काढायचे. उरलेल्या ८० लाखांच्या कामापैकी ४४ लाख खर्च झाले आणि त्यात मूळ अंदाजपत्रकानुसार ४० लाखांचंच काम उरकलं. पुढचं कामही याच गतीने महाग पडलं, तर ८० लाखांच्या कामाला ८८ लाख लागतील आणि परवाना धरून एकूण १ कोटी ८ लाख. चौकोनात हा शेवटचा आकडा मोठा आणि मंजूर रक्कम त्याच्याखाली बारीक. हा अंदाज ढोबळ आहे, हे मान्य. पहिल्या महिन्यात तो फार उड्या मारतो, म्हणून पाचवा हिस्सा काम होईपर्यंत तो न दाखवलेलाच बरा. त्यानंतर मात्र ८ लाखांची मागणी अचानक टेबलावर येत नाही.

रंग टाकून द्यायचे नाहीत, पण त्यांचे नियम सुरुवातीलाच लिहून स्पॉन्सरची मान्यता घ्यायची. या बँकेत ५ दिवसांपर्यंतची घसरण हिरवी, १५ पर्यंत पिवळी, त्यापुढे लाल असं ठरलं. रंग सूत्र ठरवतं. प्रकल्प व्यवस्थापकाला तो बदलता येत नाही, फक्त खाली एक ओळ खुलासा लिहिता येतो. वरून हिरव्या आणि आतून लाल अशा अहवालांना आयटीवाले ‘कलिंगड’ म्हणतात. त्यांची पैदास यामुळे पूर्ण थांबत नाही, कारण सूत्रात घालायची तारीख शेवटी माणूसच देतो. ती प्रकल्प व्यवस्थापकाऐवजी प्रत्यक्ष स्थलांतर करणाऱ्या गटप्रमुखाकडून थेट घेतली, तर मधल्या मधल्या गाळण्या कमी होतात.

दहा चौकोन उडवल्यावर कुरकुर झालीच. उघड्या त्रुटींचा आलेख का काढला, असं चाचणी गटाने विचारलं. उत्तर असं होतं की तो आलेख गटाच्या रोजच्या कामाचा आहे आणि गटाच्या पडद्यावर राहीलच. साहेबांच्या पडद्यावर जे ठेवायचं, त्याचा आकडा बदलला तर ते काय वेगळं करतील, हे आधी सांगता आलं पाहिजे. जुळलेल्या शाखांचा आकडा अडला, तर ते पिग्मीबद्दल विचारतील. उघड्या त्रुटी १४० वरून १३२ झाल्या, तर ते मान डोलावतील.

प्रणाली सुरू झाली की हे चारही चौकोन निरुपयोगी होतात, आणि ते तसेच ठेवायचा मोह टाळावा लागतो. त्या सोमवारी साहेबांचे प्रश्न वेगळे असतात : रात्रीचे दिवसअखेरचे हिशेब किती वाजता संपले, किती शाखा वेळेवर उघडल्या, किती ग्राहकांना पासबुकात चुकीची शिल्लक दिसली. तेव्हा कागद पुन्हा काढायचा आणि मेल चाळायला बसायचं.