फोटोत उतरवलेला कवडसा

साध्या भिंतीच्या किंवा टेबलाच्या फोटोवर पानांची सावली मागाहून घालण्याची रूढ पद्धत सोपी आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फांदीच्या सावलीचे चित्र फोटोवर वेगळा थर म्हणून ठेवायचे आणि त्या थराची पद्धत `Multiply` करायची. पांढरा भाग नाहीसा होतो, काळा भाग खालचे चित्र गडद करतो. नुसती कोरी भिंत असेल तर एवढ्याने भागते. तिच्यासमोर एखादी वस्तू आली की मात्र सावली फोटोवर चिकटवल्यासारखी दिसू लागते. सावली म्हणजे वरून फासलेला काळा रंग असे गृहीत धरले, की हा दोष येतोच. प्रत्यक्षात सावलीत फक्त उन्हाची भर पडलेली नसते. आकाशाचा, भिंतींवरून परतलेला उजेड तिथे असतोच. म्हणून बरणीच्या सावलीत पानाची सावली पडली तरी ती जागा आणखी काळी होत नाही. अडवायला तिथे ऊनच उरलेले नसते. `Multiply` मात्र तिथेही काळे करते, आणि दोन सावल्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

यावरचा उपाय म्हणजे एकाच फोटोच्या दोन प्रती करणे. खालची प्रत सावलीतली, वरची उन्हातली. वरच्या प्रतीला मुखवटा, म्हणजे लेयर मास्क जोडायचा. मास्क पांढरा असेल तिथे ऊन दिसते, काळा असेल तिथे सावली. पानांची नक्षी फोटोवर न घालता या मास्कवर घालायची. बरणीची सावलीही त्याच मास्कवर काळी करायची. काळ्यावर काळे पडून काही बदलत नाही, त्यामुळे दुहेरी सावलीचा प्रश्नच मिटतो.

मास्क कसा असावा हे सूर्य ठरवतो. आकाशात सूर्य बिंदूएवढा नसून सुमारे अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. पान भिंतीपासून जितके दूर, त्या अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी कड पुसट होते. पान एक मीटरवर असेल तर नऊ मिलिमीटर, पाच मीटरवर असेल तर साडेचार सेंटिमीटर. उंच झाडाखालचे कवडसे गोल किंवा लंबगोल असतात तेही यामुळेच. पानांमधली फट कोणत्याही आकाराची असो, ती लहान आणि जमिनीपासून पुरेशी दूर असली की जमिनीवर सूर्याचीच प्रतिमा उमटते. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात, महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसत असताना, झाडांखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. म्हणजे पानांच्या कडा काटेकोर आणि उजेडाचे ठिपके कोनेदार असतील, तर ती फांदी भिंतीला जवळजवळ टेकलेली असली पाहिजे. तशी ती नसेल तर सावली खोटी वाटते, पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी.

खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यालाही हाच हिशेब लागू पडतो. पट्ट्या पंचवीस मिलिमीटर रुंद असतील तर दोन मीटरवरच्या भिंतीवर प्रत्येक कड अठरा मिलिमीटर पुसट होते आणि पट्टे एकमेकांत विरघळू लागतात. तीन मीटरवर जवळजवळ सपाट उजेड उरतो. जुन्या गुन्हेपटांत, उदाहरणार्थ 1944 च्या ‘डबल इन्डेम्निटी’त, दिसणारे पट्टे दिव्यांच्या प्रकाशातले आहेत. दिवा सूर्याहून कितीतरी जवळ असतो, आणि त्याचा उगम लहान ठेवला तर कड हवी तेवढी तीक्ष्ण मिळते. खोलीतल्या उन्हाचा आभास हवा असेल तर त्या पट्ट्यांची नक्कल उपयोगाची नाही.

समजा, चुन्याच्या भिंतीसमोर टेबलावर वीस सेंटिमीटर उंच चिनीमातीची लोणच्याची बरणी आहे आणि तिच्यावर आंब्याच्या फांदीची सावली हवी आहे. मूळ फोटो ढगाळ दिवशी किंवा ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी घ्यावा. त्यात आधीच एका बाजूने पडलेली ठळक सावली असेल तर तो फोटो सोडून द्यावा, कारण ती पुसणे हे नवी सावली घालण्याहून कठीण काम आहे. फोटो नेहमीपेक्षा थोडा अंधारा असू द्यावा. ही चूक फार जण करतात: भिंत आधीच पांढरीफटक असते, तिच्यावर ऊन दाखवायला जागाच राहत नाही, मग सावली काळी करत न्यावी लागते.

वरच्या प्रतीचा उजेड `Exposure` ने एक ते दीड स्टॉप वाढवावा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मोकळ्या उन्हात हा फरक याहून बराच मोठा असतो, पण तसा दाखवला तर बरणी डोळ्यांत खुपते आणि नक्षीच फोटोचा विषय होऊन बसते. त्याच प्रतीला किंचित पिवळसर छटा द्यावी, सावलीच्या प्रतीला देऊ नये. उघड्या आकाशाखालची सावली उन्हापेक्षा निळसर असते. उजेड केशरी ठेवायचा असेल तर सूर्य खाली आलेला आहे, तेव्हा सावल्याही लांब हव्यात. सूर्य पंचेचाळीस अंशांवर असताना या बरणीची सावली वीस सेंटिमीटर पडेल, तीस अंशांवर सुमारे पस्तीस.

आता मास्क. फांदीची तयार आकृती वापरली तर कड हिशेबाने पुसट करावी लागते. फोटोत साठ सेंटिमीटरचे टेबल तीन हजार पिक्सेलमध्ये मावत असेल तर एका सेंटिमीटरला पन्नास पिक्सेल येतात. एक मीटरवरच्या पानाची कड मग पंचेचाळीस पिक्सेल पसरट हवी. `Gaussian Blur` चा आकडा त्याच्या साधारण चौथा हिस्सा, म्हणजे अकराच्या आसपास ठेवावा. फांदीची जवळची आणि दूरची पाने दोन थरांत विभागून दूरच्यांना अधिक पुसट केले, की सावलीला खोली येते. भिंत आणि टेबल जिथे मिळतात तिथे नक्षीची दिशाही बदलली पाहिजे. पडद्याचे सरळ पट्टे त्या रेघेवरून न मोडता पुढे गेले, तर लबाडी तिथेच उघडी पडते.

याहून चांगला मास्क उन्हातच मिळतो. कॅमेरा त्याच उंचीवर, त्याच अंतरावर ठेवून टेबल आणि भिंत पांढऱ्या कागदाने झाकावी, बरणीच्या जागी तेवढ्याच जाडीची कागदी नळी उभी करावी आणि खरी फांदी समोर धरून फोटो घ्यावा. पुसट कड, कोपऱ्यातली मोड, गोलाईवर वाकलेली पाने, नळीची स्वतःची सावली, सगळे आपोआप येते. मग रंग काढून टाकून `Levels` ने ऊन पांढरे आणि सावली काळी करायची. मधला करडा भाग तसाच राखायचा, कारण पुसट कड त्यातच असते. अर्थात एवढे ऊन हाताशी असेल आणि बरणी एकच असेल, तर तिचाच फोटो काढणे शहाणपणाचे. हा खटाटोप एकाच घडणीच्या डझनभर बरण्यांसाठी, किंवा ढगाळ आठवडाभर फोटो काढावे लागणार असतील तेव्हा परवडतो.

शेवटी बरणीचा तुकतुकीत भाग उरतो. चकाकीत दिसणारे खिडकीचे प्रतिबिंब उन्हाचे नसते, म्हणून पानाच्या सावलीतही ते तसेच राहते. दोन प्रतींच्या पद्धतीत खालची प्रत ते सांभाळते. वरच्या प्रतीत मात्र ते जास्त उजळते, तेवढ्या भागावर मास्क काळा करून टाकावा. बरणीची सूर्याकडे पाठ असलेली बाजूही काळीच ठेवावी. तिथे एखादे पान चुकून उमटले, तर ते सावलीत पडलेले ऊन ठरेल.