हैदराबादचा एक माणूस, यादीत सहा क्रमांक

हैदराबादेत नातेवाईक असलेल्या गोव्यातील कोणाही माणसाने आपल्या मोबाइलमधील संपर्कयादी उघडली, तर एकच काका तीन-चार वेळा भेटण्याची शक्यता असते. याचे एक कारण जुने आहे. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र परिमंडळात येतो आणि हैदराबाद आंध्र प्रदेश परिमंडळात. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, तरी हे परिमंडळ तेच राहिले. परिमंडळाबाहेरच्या मोबाइलला पूर्वी शून्य लावूनच फोन करावा लागे, म्हणून तो शून्य क्रमांकासह जतन झाला. पुढे व्हॉट्सअॅपमुळे +91 आले आणि आखातातून फोन करणाऱ्या पुतण्याने 0091 लिहून पाठवले. कोणी देवनागरी अंकही वापरले. एक काल्पनिक क्रमांक घेऊ:

```
91234 56789
091234-56789
+91 91234 56789
0091 9123456789
919123456789
९१२३४ ५६७८९
```

माणसाला ही सहा रूपे एकच दिसतात. अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या संगणकाला ती सहा वेगळी वाटतात. म्हणून आधी सर्व क्रमांक एका साच्यात आणावे लागतात आणि मगच तुलना करता येते. मूळ स्तंभ तसाच ठेवून शेजारी नवा स्तंभ करावा. त्यात देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करावेत, रिकाम्या जागा, आडव्या रेघा आणि कंस काढावेत. आरंभीचे + चिन्ह मात्र तूर्त राहू द्यावे.

आता मुख्य प्रश्न, 91 काढायचे कधी? पुष्कळजण ‘सुरुवातीला 91 दिसले की खोडा’ असा सरधोपट नियम लावतात आणि इथेच घात होतो. भारतात 91ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल क्रमांक आहेतच. आपल्या उदाहरणातील पहिल्या रूपावर हा नियम चालवला, तर 23456789 उरते. हे आठ अंक, आरंभी दोन. म्हणजे हुबेहूब हैदराबादचा घरचा दूरध्वनी! पुढच्या टप्प्यात कोणी त्याला शहराचा संकेतांक जोडला, की मोबाइल कायमचा हरवला आणि यादीला चूक झाल्याचा पत्ताही लागला नाही.

म्हणून निर्णय आरंभीच्या अंकांवर नव्हे, तर लांबीवर सोपवावा. भारतातील क्रमांक संकेतांकासह दहा अंकी असतो, मग तो मोबाइल असो वा घरचा. हैदराबादचा 40 आणि पुढे आठ अंक; गोव्याचा 832 आणि पुढे सात. आरंभी +91 वा 0091 असेल तर ते काढावे. चिन्ह नसताना बारा अंक असून सुरुवात 91ने असेल, तर 91 काढावे. अकरा अंक असून आरंभी शून्य असेल, तर तो काढावा. 040 आणि 0832 हेही याच नियमात बसतात. दहा अंक असतील तर हात लावू नये. नुसते आठ अंक असतील आणि ती व्यक्ती हैदराबादची असल्याची खात्री असेल, तरच 40 जोडावे. यात न बसणारे क्रमांक डोळ्यांनीच पाहावेत. उरलेल्या दहा अंकांपुढे पुन्हा +91 लावले, की सहाही रूपे +919123456789 अशी एक होतात.

‘शेवटचे दहा अंक घ्या’ हा सोपा उपाय परदेशस्थ नातेवाइकांपाशी अडखळतो. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडील वेस्टचेस्टर भागाचा संकेतांक 914 आहे. तिथल्या क्रमांकाचे +1 गळून पडले, तर उरतो तो भारतीय मोबाइलच वाटतो. + किंवा 00 नंतर 91 खेरीज दुसरा देशसंकेत असेल, तर तो क्रमांक तसाच राहू द्यावा.

एक्सेलमध्ये फाइल थेट उघडू नये. क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून आयात करावा. तसे न केल्यास आरंभीचे शून्य जातात आणि बारा अंकी क्रमांक 9.19123E+11 असा दिसतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन झाली, तर शेवटचे अंक पुसले जातात आणि निरनिराळ्या माणसांचे क्रमांक खरोखरच एक होऊन बसतात. ओळींच्या शेवटी शून्यांची रांग दिसली, तर मूळ फाइलकडे परतावे. नवा स्तंभ C असेल, तर प्रत्येक ओळीपुढे हे सूत्र द्यावे:

```
=COUNTIF(C:C,C2)
```

उत्तर एकाहून अधिक आले, तर तो क्रमांक यादीत पुन्हा आलेला आहे. पण क्रमांक एक म्हणजे माणूस एक, असे नव्हे. काचीगुडा वा सुलतान बाजारातील जुन्या घरात एकाच दूरध्वनीवर सासरे, सून आणि नातू असू शकतात. तेथे सरसकट विलीनीकरण केले, तर सासऱ्यांचे नाव उरते आणि मंडळाचे आमंत्रण सुनेपर्यंत पोहोचत नाही. मोबाइल जुळला आणि नावही मिळतेजुळते असले, तर नोंदी एकत्र कराव्यात. घरचा दूरध्वनी जुळला, तर प्रत्येकाची ओळ वेगळी ठेवून त्याच्यापुढे ‘सामायिक’ एवढे लिहावे.