एकाच दीपगृहावरून होडीचा ठाव

मुंबईहून शिडाच्या होडीने दक्षिणेकडे निघालात की थळच्या समोर डाव्या हाताला खांदेरी बेट दिसते. त्यावरचे दीपगृह १८६७ सालचे, आज कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाते. हवा स्वच्छ असेल तर दीपगृह आणि किनाऱ्यावरची आणखी एक ठळक खूण, दोन्हींच्या दिशा हातातल्या होकायंत्रावर घ्यायच्या आणि नकाशावर त्या खुणांतून रेषा ओढायच्या. रेषा छेदतात तिथे होडी. पण किनारा धुरकटात बुडाला आणि दीपगृह तेवढे दिसत राहिले, तर रेषा एकच मिळते. अशा वेळी ‘रनिंग फिक्स’ कामी येतो.

समजा, होडी नेमकी दक्षिणेला, १८० अंशांवर, ६ नॉट वेगाने चालली आहे. दहा वाजता दीपगृह १३५ अंशांवर दिसले. ती रेषा ओढली, वेळ लिहिली आणि दिशा व वेग न बदलता चालत राहिलो. साडेदहाला दीपगृह ९० अंशांवर, म्हणजे थेट डाव्या बाजूला आले. अर्ध्या तासात होडी ३ सागरी मैल गेली. आता पहिली रेषा समांतर पट्टीने दक्षिणेला ३ मैल सरकवायची. ती दुसऱ्या रेषेला छेदते तिथे साडेदहाची जागा: दीपगृहाच्या पश्चिमेला ३ मैल. ४५ आणि ९० अंशांच्या या जोडीत कापलेले अंतर आणि दीपगृहापासूनचे अंतर सारखेच येते, म्हणून ती खलाशांच्या आवडीची.

होकायंत्र इंजिन, लोखंडी तारा आणि मोबाइलपासून दूर, डोळ्यांसमोर धरावे. होडी डुलते तेव्हा तबकडीही झुलते, म्हणून दोन टोकांच्या आकड्यांमधला आकडा घ्यावा. तीन अंश चुकले तर ३ मैलांवर रेषा सुमारे २९० मीटर सरकते.

पण खरा धोका प्रवाहाचा. वेगमापक पाण्यातला वेग सांगतो. समोरून १ नॉटचा प्रवाह असेल तर अर्ध्या तासात होडी प्रत्यक्षात अडीचच मैल सरकते. नकाशावर आपण ३ मैल दूर, प्रत्यक्षात अडीच मैलांवर, म्हणजे समजतो त्यापेक्षा खडकांच्या जवळ. प्रवाह मागून असेल तर उलटे घडते आणि ते तुलनेने सुरक्षित.

मधे आणखी एक दिशा घेतली तर चूक उघडी पडेल, असे वाटते. होडी आडव्या प्रवाहाने बाजूला वाहत असेल तर तिन्ही रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, त्रिकोण उरतो आणि चूक कळते. प्रवाह नेमका समोरून किंवा मागून असेल तर मात्र तिन्ही रेषा नीट एकत्र येतात आणि जागा तरीही चुकते.

म्हणून समोरून प्रवाह असण्याची शक्यता दिसली, तर पाण्याची खोली मोजून भरतीचे पाणी वजा करा, ती नकाशावरच्या आकड्याशी ताडून पाहा, आणि दुसरी खूण दिसेपर्यंत खडकांपासून जास्तच अंतर ठेवा.