बंद पडलेल्या कंपनीची दोन ओळींतली नोंद

बंद पडलेल्या स्टार्टअपचा उल्लेख स्वतःच्या परिचयात करताना माणसे सहसा दोन चुका करतात. काही जण ती वर्षे गाळून टाकतात, मग परिचयात दीड-दोन वर्षांची फट राहते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. काही जण ‘यशस्वीपणे बाहेर पडलो’ असे मोघम वाक्य लिहितात. भारतात हे वाक्य फार काळ टिकत नाही. खासगी मर्यादित कंपनीची स्थिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४८ नुसार नोंदवहीतून नाव काढलेली कंपनी तिथे तशीच दिसते.

प्रामाणिक नोंदीत चार गोष्टी असाव्या लागतात: काळ, स्वतःची भूमिका, कंपनी कुठवर पोचली आणि ती का बंद पडली. यांतला शेवटचा भाग सर्वांत अवघड असतो, कारण पैसे संपणे हे बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. ते का संपले, हे सांगितल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

समजा, पुण्यात दोघांनी घरगुती जेवणाचे डबे पोचवणारी कंपनी काढली. डब्याची किंमत ११० रुपये. जेवण आणि पॅकिंग यांवर ७२ रुपये, पोचवण्यावर ३४ रुपये, सवलती आणि ऑनलाइन पैसे घेण्याच्या शुल्कावर १२ रुपये, असा एकूण ११८ रुपये खर्च. म्हणजे प्रत्येक डब्यामागे ८ रुपयांचा तोटा. रोज ३०० डबे आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर हा तोटा ६२,४०० रुपये होतो. त्यात स्वयंपाकघराचे भाडे आणि पगार मिळून १ लाख रुपये धरले, की हाताशी असलेले २० लाख साधारण वर्षभरात संपतात. ग्राहक वाढले की तोटाही वाढणार, हे या हिशेबात पहिल्या दिवसापासून होते. गिऱ्हाइके कोथरूडपासून खराडीपर्यंत विखुरलेली होती. त्यामुळे एका फेरीत थोडेच डबे पोचत आणि पोचवण्याचा खर्च खाली येत नव्हता.

यावर ‘स्पर्धा तीव्र असल्याने व्यवसाय थांबवला, खूप काही शिकायला मिळाले’ अशी ओळ लिहिली, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘डबे पोचवणाऱ्या कंपनीचा सहसंस्थापक, खरेदी आणि वाटप सांभाळले. रोज ३०० डब्यांपर्यंत मजल. प्रत्येक डब्यामागे ८ रुपये तोटा होत असताना शहरभर विस्तार केला, वर्षभरात बंद. आता नवा भाग घेण्याआधी एका फेरीत किती डबे बसतात, ते मोजतो.’ इथे शिकणे म्हणजे बदललेली कृती. शेवटचे वाक्य त्या बंद पडलेल्या कंपनीशिवाय लिहिता आले असते, तर ते शिकणे नव्हे, सुभाषित आहे.

कॅनेडियन उद्योजक स्टुअर्ट बटरफील्ड यांच्या ‘टायनी स्पेक’ या कंपनीचा ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद झाला. वेगवेगळ्या शहरांतल्या सहकाऱ्यांनी आपापसांत बोलण्यासाठी जे साधन आतल्या आत घडवले होते, त्यातून पुढे ‘स्लॅक’ उभे राहिले. इथे खेळ अपयशी ठरला, हे कुठेही लपत नाही. त्यातून हाती काय उरले, तेही बोट ठेवून दाखवता येते. मात्र प्रत्येक बंद कंपनीतून असे काही उरत नाही. उरले नसेल, तर तसे भासवू नये.

नोंद खरी आहे की नाही, हे मुलाखत घेणारा तीन प्रश्नांत ओळखतो. गणित बसत नाही, हे प्रथम कधी कळले? त्यानंतर किती महिने चालू ठेवले? कोणाचे पैसे बुडाले? दुसऱ्या प्रश्नावर गडबडणारा माणूस बहुधा कारण नंतर शोधलेला असतो. तिसरा प्रश्न सर्वांत कडक. पुरवठादारांची किंवा कामगारांची देणी राहिली असतील, तर ‘व्यवस्थित बंद केली’ हे शब्द वापरता येत नाहीत. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे वित्तीय विवरणपत्रे किंवा वार्षिक विवरण दाखल केले नसेल, तर कलम १६४ नुसार संचालक पाच वर्षे अपात्र ठरतात. तेव्हा शटर ओढणे आणि कंपनी कायद्याने बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदीला मर्यादाही आहेत. भागीदाराशी झालेले भांडण, गुंतवणूकदाराशी केलेल्या गोपनीय कराराच्या अटी, सहकाऱ्यांच्या चुका यांना परिचयात जागा नसते; दोष सांगायचाच, तर स्वतःच्या निर्णयाचा सांगावा. आणि ही नोंद परिचयाच्या माथ्यावर नको. कालक्रमात जिथे ती येते तिथेच, आधीच्या आणि नंतरच्या कामाएवढ्याच जागेत ती पुरते.