वारंवार उडणारा हेडलाइट बल्ब

ज्या जुन्या स्कूटरमध्ये हेडलाइट बॅटरीवर नव्हे, थेट मॅग्नेटोच्या लाइटिंग कॉइलवर चालतो, तिथे रेस वाढवली की कॉइलचं व्होल्टेजही चढतं. ते आवरण्याचं काम आरआर युनिट करतं. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की हे युनिट जादा प्रवाह अर्थकडे वळवतं. अशा गाडीत बल्ब उडतो म्हणून बॅटरी बदलणं म्हणजे नुसता खर्च.

उडालेला बल्ब फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा. काच आतून काळवंडलेली आणि तुटलेल्या फिलामेंटच्या टोकांना वितळून गोळे आलेले असतील, तर व्होल्टेज जास्त असल्याचा संशय घ्यावा. काच स्वच्छ आणि तार मधूनच तुटलेली असेल, तर आधी बल्बच्या होल्डरची पकड आणि हादरे तपासावेत.

‘अर्थ लूज आहे’ एवढं निदान पुरेसं नाही. कुठला अर्थ, हे महत्त्वाचं. हेडलाइटचा अर्थ ढिला असेल तर उजेड मंद होतो किंवा लुकलुकतो. आरआर युनिटचा अर्थ ढिला असेल तर उलट घडतं. युनिट स्वतःच्या अर्थपासूनच व्होल्टेज मोजतं. वळवलेला प्रवाह गंजलेल्या जोडातून जाताना तिथे जेवढे व्होल्ट पडतात, साधारण तेवढेच बल्बच्या वाट्याला जास्त येतात. जोड पूर्ण सुटला तर आवर उरतच नाही. हेडलाइट गेला की त्याचा भारही जातो, व्होल्टेज आणखी चढतं आणि पाठोपाठ टेललाइट उडतो.

दोन महिन्यांत ३५ वॉटचे तीन बल्ब खाल्लेली एक स्कूटर अशीच होती. नवा बल्ब लावून, दिवा चालू ठेवून, मल्टिमीटर एसीवर घेऊन होल्डरच्या पिनांवर मोजणी झाली (भार नसताना घेतलेलं मोजमाप फसवं असतं). आयडलिंगला आकडा साडेबारा होता. रेस वाढवताच तो अठराच्या आसपास गेला. इथली लहर कापलेली असते, त्यामुळे साधा मीटर नेमका आकडा दाखवत नाही, पण आकडा थांबतो की चढतच राहतो, एवढं त्यावर कळतं. मग मीटरची एक पिन युनिटच्या अर्थ वायरवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. तिथे शून्याजवळचा आकडा हवा होता. चार व्होल्टच्या वर आला.

पुढचं पॅनेल उघडल्यावर कारण दिसलं. चासीला कसलेल्या अर्थच्या थिंबलखाली रंगाचा थर होता आणि त्यावर गंज. बोल्ट हाताला घट्टच लागत होता. पॉलिश पेपरने धातू उघडा करून, दातेरी वॉशर टाकून बोल्ट पुन्हा कसला आणि वरून ग्रीस लावलं. त्यानंतर रेसवरचा आकडा साडेतेराच्या पुढे गेला नाही. अर्थ स्वच्छ करूनही तो चढतच राहिला असता, तर दोष आरआर युनिटचा धरून ते बदलावं लागलं असतं.