दाढी करताना हनुवटीखाली अंधार का पडतो? दोष आरशाचा नाही, दिव्याच्या जागेचा

बाथरूममध्ये दिवा लख्ख आहे, आरसाही स्वच्छ आहे, तरी दाढी झाल्यावर बाहेर आल्यावर कळतं की जबड्याखाली दोन-चार केस राहूनच गेले. अनेक जण मग जास्त वॅटचा बल्ब आणतात आणि फरक पडत नाही. कारण प्रश्न प्रकाश किती आहे हा नसून तो कुठून येतो हा आहे.

आरशाला नव्हे, चेहऱ्याला उजेड हवा

आरशात आपल्याला दिसतो तो चेहऱ्यावरून परतलेला प्रकाश. त्यामुळे आरसा उजळून उपयोग नसतो, चेहरा उजळावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये दिव्याचा पॉइंट दरवाजाच्या वर किंवा छताच्या मध्यभागी असतो. दरवाजावरचा दिवा पाठीमागे राहतो, म्हणजे उजेड डोक्याच्या मागच्या बाजूला आणि चेहरा आपल्याच सावलीत. छतावरचा दिवा वरून खाली प्रकाश टाकतो. मग भुवयांमुळे डोळ्यांखाली, नाकामुळे ओठांवर आणि जबड्यामुळे गळ्यावर सावली पडते. रेझर नेमका याच शेवटच्या दोन ठिकाणी फिरवायचा असतो.

वॅट वाढवले की उजेडातला भाग अधिक उजळतो, पण सावलीतला भाग त्या मानाने काळाच राहतो. शिवाय बल्ब लहान असल्याने सावलीची कडा ठळक उमटते. लांब, दुधी कव्हरचा दिवा असेल तर एका टोकाचा प्रकाश अडला तरी दुसऱ्या टोकाचा पोहोचतो आणि सावली विरघळते.

उपाय : दोन्ही बाजूंना उभे दिवे

समजा, बाथरूम ४ फूट रुंद आणि ७ फूट लांब आहे. ४ फुटांच्या भिंतीवर १८ इंच रुंद, २४ इंच उंच आरसा आहे. त्याची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर आणि वरची ६ फुटांवर आहे.

आरशाच्या डाव्या-उजव्या कडेपासून साधारण २ इंच सोडून २ फुटी एलईडी बॅटन उभे बसवा. म्हणजे तेही ४ ते ६ फुटांच्या दरम्यान येतील. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची हनुवटी पावणेपाच फुटांच्या आसपास असते. बॅटनचं खालचं टोक त्याहूनही खाली असल्याने गळ्यापर्यंत प्रकाश पोहोचतो. नाकाची डावीकडची सावली डावा दिवा पुसतो, उजवीकडची उजवा.

एका बॅटनला १० वॅट पुरेसे आहेत. कव्हर दुधीच हवं, पारदर्शक असेल तर डोळे दिपतात.

खोक्यावर काय पाहायचं?

रंगासाठी ४००० केल्विन, म्हणजे ‘नॅचरल व्हाइट’ घ्या. ६५०० केल्विनच्या ‘कूल डेलाइट’मध्ये त्वचा निळसर-फिकट दिसते, तर ३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात त्वचेवरची लाली लपते. दुसरा आकडा सीआरआयचा. तो ९० किंवा जास्त असेल तर त्वचेचा, मेकअपचा रंग दिवसाच्या उजेडाजवळ जातो.

दिवा बेसिनजवळ असल्याने शिंतोडे सोसणारा, किमान आयपी ४४ दर्जाचा हवा. खोलीतले साधे बॅटन बहुधा आयपी २० चे असतात आणि त्यांना पाण्यापासून संरक्षण नसतं. काम इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन स्विच बंद करून करून घ्या. घरात आरसीसीबी नसेल तर ती बसवण्याविषयीही त्याला विचारा.

भिंतीला ड्रिल मारण्याआधी

रात्री बाथरूमचा दिवा बंद करा. दोन मोबाइलच्या टॉर्चवर बटर पेपर लावा आणि घरातल्या कुणाला तरी ते आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर धरायला सांगा. आता मान किंचित वर करून गळा पाहा. मग तेच दोन्ही मोबाइल डोक्यावर धरून पुन्हा पाहा. फरक लगेच कळतो.

भाड्याचं घर असेल किंवा एकच पॉइंट असेल तर?

आरशाच्या वर लगेच, शक्य तितका खाली, २ फुटी बॅटन आडवा लावा. गळ्याखाली थोडी सावली राहील, पण पांढरं बेसिन खालून काही प्रकाश परत फेकतं. बेसिनच्या कडेवर दाढीपुरता पांढरा नॅपकिन पसरला तर थोडी आणखी मदत होते.

‘एलईडी मिरर’ घेताना प्रकाश कुठून बाहेर पडतो ते दुकानात पाहा. काचेच्या मागून भिंतीवर पडणारा उजेड दिसायला छान असतो, पण दाढीला कमी पडतो. काचेच्याच दोन्ही कडांवर उभे दुधी पट्टे असलेला आरसा निवडा, कारण त्यांचा प्रकाश थेट तुमच्या चेहऱ्यावर येतो.